संपादकांना पत्र, आकड्यांना धरून

संशोधनाचा निबंध एखाद्या जर्नलकडे पाठवताना त्याच्यासोबत संपादकांच्या नावे एक पानभर पत्र जोडावं लागतं. त्याला कव्हर लेटर म्हणतात. निबंध छापून आला की जगभर वाचला जातो. हे पत्र मात्र कुणी वाचत नाही, कारण ते छापलंच जात नाही. बहुतेक जर्नलांमध्ये निबंध तपासणाऱ्या समीक्षकांनाही ते दाखवत नाहीत. ते संपादकांच्या टेबलावर येतं, काही मिनिटांत वाचलं जातं आणि निबंध समीक्षकांकडे धाडायचा की तिथूनच साभार परत करायचा, हे ठरवताना नजरेसमोर असतं. म्हणजे एकीकडे निबंधाचं नशीब बऱ्यापैकी या पत्रावर अवलंबून, आणि दुसरीकडे त्यातलं वाक्य न् वाक्य आकड्यांशी ताडून पाहणारं कुणी नाही. अतिशयोक्तीला याहून सोयीची जागा संशोधनाच्या व्यवहारात दुसरी नसेल.

त्या पत्रात काय लिहावं आणि काय लिहू नये, हे नियमांच्या यादीतून नीट कळत नाही. एखादा अभ्यास हातात घेऊन त्याच्या आकड्यांवरून पत्र लिहून पाहिलं की कळतं. म्हणून इथे एक कल्पित अभ्यास घेते. आकडे माझे आहेत, पण अशा आकड्यांचे प्रबंध आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत दर वर्षी होतात.

समजा, एमडी करणारी एक विद्यार्थिनी आश्रमशाळांमधल्या किशोरींच्या रक्तक्षयावर काम करते आहे. शाळांमध्ये मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. सरकारचा हा कार्यक्रम देशभर चालतो, तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागायला मदत होते, हे पोषणशास्त्राला कित्येक दशकं माहीत आहे. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं. मग गोळीसोबत पेरू दिला तर? चार शाळांतल्या २६० मुलींच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला गोळी आणि पेरू, दुसऱ्याला नुसती गोळी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या १२०-१२० मुलींची पुन्हा रक्ततपासणी झाली, २० मुली मधल्या काळात गळाल्या.

अभ्यास सुरू करण्याआधी तिने त्याची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत केली होती. अशी नोंद आधीच करावी लागते आणि तिच्यात मुख्य निकष कोणता तेही लिहावं लागतं. तिने लिहिलं होतं: सहा महिन्यांनंतर रक्तक्षय असलेल्या मुलींचं प्रमाण, म्हणजे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असलेल्या मुली शेकडा किती. हिमोग्लोबिनची सरासरी वाढ हा दुय्यम निकष होता.

निकाल असे आले. सुरुवातीला पेरूच्या गटात १२० पैकी ८५ मुलींना रक्तक्षय होता, नुसत्या गोळीच्या गटात ८४ जणींना. सहा महिन्यांनी पेरूच्या गटात ६६ उरल्या, नुसत्या गोळीच्या गटात ७२. हिमोग्लोबिन पेरूच्या गटात सरासरी ०.८ ग्रॅमने वाढलं, दुसऱ्या गटात ०.५ ग्रॅमने.

आता पत्राचा पहिला खर्डा. ही पत्रं प्रत्यक्षात इंग्रजीत जातात, पण सूर ओळखू येईल:

«आदिवासी किशोरींमधील रक्तक्षयावर पेरूचा परिणाम सिद्ध करणारा जगातील पहिलाच अभ्यास आम्ही आपल्या प्रतिष्ठित जर्नलकडे पाठवत आहोत. पेरू खाणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण ७१ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आले (पी ०.००१ पेक्षा कमी). हिमोग्लोबिनमध्ये लक्षणीय वाढ झाली (पी ०.०३६). तीव्र रक्तक्षय असलेल्या मुलींमध्ये हा फायदा तिप्पट होता. हे क्रांतिकारी निष्कर्ष राष्ट्रीय धोरणाला नवी दिशा देतील.»

या पत्रात खोटा आकडा एकही नाही. प्रत्येक आकडा तक्त्यात सापडेल. तरीही पत्र खोटं आहे, आणि ते कुठे कुठे खोटं आहे ते पाहण्यासारखं आहे.

७१ वरून ५५. वाचणाऱ्याला वाटतं, पेरूने १६ टक्क्यांची किमया केली. पण नुसती गोळी घेणाऱ्या मुलींमध्येही रक्तक्षय ७० वरून ६० वर आला होता. तो गोळीचा परिणाम असेल, वसतिगृहात गोळी समोर उभं राहून गिळायला लावल्याचा असेल, ऋतूचा असेल. या सगळ्याला वजा करता यावं म्हणूनच तर दुसरा गट ठेवला होता. पत्रात त्या गटाचा उल्लेखच नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, सहा महिने दोघांची सारखी काळजी घ्यायची आणि पत्र लिहिताना एका गटाला विसरायचं, असा हा प्रकार आहे. आधी-नंतरच्या तुलनेत पी-व्हॅल्यू अगदी लहान येते, म्हणून तीच पत्रात बसवण्याचा मोह होतो.

खरी तुलना सहा महिन्यांनंतर दोन गटांमधली: ५५ टक्के आणि ६० टक्के. फरक ५ टक्क्यांचा. प्रत्येक गटात १२० मुली असताना हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो का? त्याचं उत्तर कॉन्फिडन्स इंटरव्हल देतो, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकेल याची आकड्यांशी जुळणारी मर्यादा. इथे ती पेरूमुळे रक्तक्षय साडेसतरा टक्क्यांनी कमी होण्यापासून साडेसात टक्क्यांनी वाढण्यापर्यंत पसरलेली आहे. पी-व्हॅल्यू ०.४३. नोंदवलेल्या मुख्य निकषावर दोन गटांत फरक दिसला नाही, असं याचं सरळ वाचन.

पहिल्या खर्ड्यात हा निकाल नाहीच. त्याच्या जागी हिमोग्लोबिनची सरासरी पुढे आली आहे, जी नोंदीत दुय्यम होती. असा निकष बदलणं वैद्यकीय संशोधनात इतकं सर्रास चालतं की त्यावरही संशोधन झालं आहे. इसाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये ७२ चाचण्यांचा लेखाजोखा मांडला. या सगळ्या चाचण्यांमध्ये मुख्य निकषावर फरक सिद्ध झाला नव्हता. तरी ५८ टक्के निबंधांच्या सारांशातला निष्कर्ष उपचार फायद्याचा वाटावा अशा बेताने लिहिलेला होता. सारांश छापला जातो, त्यावर नावं असतात, तो पुढे कुणीही तपासू शकतं. जिथे हे सगळं आहे तिथे हा प्रकार, तर न छापल्या जाणाऱ्या पत्रात काय होत असेल?

मग हिमोग्लोबिनच्या ०.३ ग्रॅमचं काय करायचं? ते लपवायचं कारण नाही. तो मोजलेला निकाल आहे आणि तो आधीच ठरवलेल्या दुय्यम निकषाचा आहे. त्याची मर्यादा ०.०२ ते ०.५८ ग्रॅम आहे आणि पी ०.०३६. या पी-व्हॅल्यूचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. पेरू उपयोगी असण्याची शक्यता ९६ टक्के, असा तो नाही. पेरूने काहीच फरक पडत नसता, तरीही निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळातून एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात सुमारे चार वेळा दिसला असता, एवढंच ती सांगते. फरक केवढा आणि तो मुलींच्या तब्येतीला जाणवेल का, याबद्दल ती गप्प असते. ते मर्यादा सांगते: फायदा जवळपास शून्य असेल किंवा फार तर अर्ध्या ग्रॅमच्या किंचित पुढे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूबद्दल जाहीर निवेदन काढलं, त्यातही परिणामाचा आकार आणि त्याचं महत्त्व या आकड्यातून मोजता येत नाही असं स्पष्ट नोंदवलं आहे. पत्रात «लक्षणीय वाढ» हे दोन शब्द लिहिले की वाचणारा मोठी वाढ असं समजतो. तिथे ०.३ ग्रॅम असं लिहिलं की तसं समजायला वाव राहत नाही.

तिप्पट फायद्याचं वाक्य सगळ्यांत धोक्याचं आहे, कारण ते सगळ्यांत आकर्षक आहे. ज्यांचं हिमोग्लोबिन १० च्या खाली होतं अशा मुली एका गटात १४ आणि दुसऱ्यात १६ होत्या. त्यांच्यात फरक ०.९ ग्रॅमचा आला, पी ०.०३३. पण हा उपगट आधी ठरलेला नव्हता. वय, शाळा, पाळी सुरू झाली आहे की नाही, आहार, असे आठ उपगट पाडून पाहिले आणि त्यातला एक चमकला. कुठेच काही फरक नसताना एकमेकांशी संबंध नसलेल्या आठ चाचण्या केल्या, तर त्यातली किमान एक पाच टक्क्यांच्या उंबरठ्याखाली जाण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. तीनात एकदा. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत ८ ते १०.९ ग्रॅम म्हणजे मध्यम रक्तक्षय. तीव्र हा शब्द ८ च्या खाली लागतो. ३० मुलींच्या आकड्यावर चढवलेलं हे विशेषण एखाद्या जाणत्या संपादकाने पकडलं की बाकीच्या पत्रावरचाही त्याचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा.

राहिला «जगातील पहिलाच». शांघायमध्ये लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या ४४० प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. लोहाच्या गोळीसोबत क जीवनसत्त्वाची गोळी दिली आणि दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिनची वाढ पाहिली, तर फरक ०.१६ ग्रॅमचा, आणि त्याची मर्यादा शून्याच्या खालून सुरू होणारी. लोहासोबत क जीवनसत्त्व नेमाने द्यायची गरज दिसत नाही, असा त्यांचा कौल होता. आपल्या विषयातला हा मोठा अभ्यास. त्याचा उल्लेख न करता पत्रात «पहिलाच» लिहिणारी लेखिका एकतर वाचन करत नाही किंवा वाचलेलं सांगत नाही, असं संपादक समजणार. देश, वय, फळ आणि शाळेचा प्रकार जोडत गेलं की कुठलाही अभ्यास जगातला पहिला ठरतो. म्हणून त्या शब्दाला काही किंमत उरलेली नाही.

आणि तो एकटा नाही. क्रिस्तिआन फिंकर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. पबमेड या वैद्यकीय सूचीतल्या निबंधांच्या सारांशांमध्ये नावीन्यपूर्ण, भक्कम, अभूतपूर्व अशा अर्थाचे २५ स्तुतिपर शब्द किती येतात, हे त्यांनी पाहिलं. १९७४ ते १९८० या काळात असे शब्द दोन टक्के सारांशांत होते. २०१४ मध्ये साडेसतरा टक्के. चाळीस वर्षांत विज्ञान तेवढ्या पटीने अभूतपूर्व झालं, असं कुणी म्हणणार नाही. संपादक रोज असे शब्द वाचतात आणि डोळे आपोआप त्यांच्यावरून पुढे सरकतात. क्रांतिकारी हा शब्द पत्रातून खोडला तर काहीच गमावत नाही, हे नव्या संशोधकांना पटवणं जड जातं, पण ते खरं आहे.

हे सगळं काढून टाकलं तर पत्रात उरेल काय, ही विद्यार्थिनीची धास्ती स्वाभाविक आहे. गाइडही पुष्कळदा हाच प्रश्न विचारतात. इथेच या अभ्यासाची खरी गंमत आहे. तिने १२० चा आकडा कुठून आणला होता? रक्तक्षय ६० वरून ४२ टक्क्यांवर येईल, म्हणजे सुमारे १८ टक्क्यांचा फरक पडेल, अशी अपेक्षा धरून. एवढा फरक असेल तर तो ८० टक्के वेळा पकडता यावा, यासाठी प्रत्येक गटात जवळपास तेवढ्याच मुली लागतात. आणि मर्यादा काय सांगते? फरक फार तर साडेसतरा. म्हणजे ज्या मोठ्या फायद्याच्या आशेने अभ्यास हाती घेतला, त्या फायद्याशी हे आकडे जुळत नाहीत. हिमोग्लोबिनमध्ये एक ग्रॅमची वाढ तर मर्यादेच्या बरीच बाहेर आहे. पाच टक्क्यांचा फरक खरोखर असेल, तर तो पकडायला प्रत्येक गटात सुमारे दीड हजार मुली लागतील.

हे सांगण्यासारखं आहे. आश्रमशाळेत दर आठवड्याला पेरू पुरवायचे तर खरेदी, वाहतूक, साठवण सगळं आलं. तिथल्या अधिकाऱ्याला «पेरूमुळे मोठा फरक पडेल असं समजू नका, लहान पडत असेल» हे कळणं उपयोगाचं आहे. पहिल्या खर्ड्याने हे झाकलं होतं.

आता दुसरा खर्डा:

«आश्रमशाळांमधील किशोरींना साप्ताहिक लोहगोळीसोबत पेरू दिल्यास रक्तक्षय कमी होतो का, हे आम्ही चार शाळांतील २६० मुलींच्या यादृच्छिक चाचणीत तपासले. अभ्यासाची नोंद मुलींची निवड सुरू होण्यापूर्वी झाली होती. क्रमांक सोबत आहे. मुख्य निकषावर दोन गटांत फरक सिद्ध झाला नाही: सहा महिन्यांनंतर रक्तक्षय ५५ विरुद्ध ६० टक्के (फरक ५ टक्के, ९५ टक्के मर्यादा ७.५ टक्के वाढ ते १७.५ टक्के घट). दुय्यम निकषावर हिमोग्लोबिनची वाढ पेरूच्या गटात ०.३ ग्रॅमने जास्त होती (०.०२ ते ०.५८). आम्ही अपेक्षिलेला १८ टक्क्यांचा फरक या निकालांशी जुळत नाही. लहान फायदा मात्र नाकारता येत नाही. क जीवनसत्त्वाचा लोहाच्या शोषणावरील परिणाम सर्वज्ञात आहे आणि प्रौढांवरील एका मोठ्या चाचणीत त्याचा हिमोग्लोबिनवर विशेष परिणाम दिसला नव्हता. आमची भर इतकीच की साप्ताहिक मात्रा आणि ताजे फळ या शाळेत प्रत्यक्ष राबवता येणाऱ्या स्वरूपात, सहा महिने हा प्रश्न तपासला आहे. मुलींना आपला गट माहीत होता, रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाला नव्हता. वीस मुलींची अखेरची तपासणी होऊ शकली नाही. उपगटांचे विश्लेषण आधी ठरवलेले नव्हते; ते निबंधात तसेच नमूद केले आहे.»

हे पत्र नम्र आहे म्हणून चांगलं नाही. यात दावा आहे आणि तो पहिल्या खर्ड्यापेक्षा जास्त टिकणारा आहे. प्रामाणिकपणाच्या नावाखाली दुसऱ्या टोकाला जाणारी पत्रंही येतात: आमचा नमुना लहान आहे, निष्कर्ष प्राथमिक आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे. अशा पत्रातून संपादकाला काहीच कळत नाही. नमुना लहान म्हणजे कशासाठी लहान? १८ टक्क्यांचा फरक पकडायला पुरेसा, ५ टक्क्यांचा पकडायला अपुरा. एवढं लिहिलं की मर्यादेची कबुली माहिती बनते.

तंत्रज्ञाबद्दलचं वाक्य सहज वगळलं जातं, पण ते हवं. ०.३ ग्रॅम हा फरक इतका लहान आहे की कुठल्या गटातली मुलगी समोर बसली आहे हे तपासणाऱ्याला माहीत असतं, तर ११.९ चं १२ करण्याच्या नकळत झालेल्या सवयीतूनही त्यातला काही भाग निघाला असता. बोटाच्या टोकाला टोचून काढलेल्या रक्ताच्या दोन थेंबांतही हिमोग्लोबिन थोडं वेगळं भरतं. हा चढउतार दोन्ही गटांत सारखा असल्यामुळे सरासरीत तो बराचसा मिटतो. तपासणाऱ्याचा कल मिटत नाही.

पत्रात आणखी काही औपचारिक गोष्टी लागतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या सांगितल्या आहेत: निबंध इतरत्र पाठवलेला नाही, हितसंबंध कोणते, सर्व लेखकांनी मजकूर मान्य केला आहे. आपल्याकडे एक बाब विशेष लक्षात ठेवावी लागते. हे काम एमडीच्या प्रबंधाचा भाग आहे आणि परिषदेत त्याचा सारांश वाचला गेला आहे, हे पत्रात यायला हवं. त्यामुळे निबंध बाद होत नाही. ते न सांगता पुढे उघड झालं तर मात्र द्विरुक्त प्रकाशनाचा संशय येतो. त्याच प्रबंधातून दुसरा निबंध निघणार असेल, तर तेही एका ओळीत लिहावं.

दुसऱ्या खर्ड्याने निबंध स्वीकारला जाईलच असं नाही. नावीन्यालाच वजन देणारी जर्नलं तो पहिल्या दिवशी परत करू शकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण पत्रातून त्यांना हवं ते नेमकं आणि लवकर कळलं. मग अशा जर्नलकडे जावं, जिथे पद्धत बरोबर आहे का एवढंच पाहतात. प्लॉस वन हे २००६ पासून त्याच तत्त्वावर चालतं, आणि पोषण व सार्वजनिक आरोग्याच्या अनेक जर्नलांना अशा शाळेतल्या चाचण्या हव्या असतात. जर्नल बदललं की पत्रातलं संबोधन आणि «आपल्या वाचकांना हे का उपयोगी» ही ओळ बदलावी. आधीच्या जर्नलच्या समीक्षकांनी काही सुचवलं असेल तर त्यांचे शेरे आणि त्यावरची आपली उत्तरं जोडता येतात. काही संपादक ते आवर्जून मागतात. मात्र ५५, ६० आणि ०.३ यांची जागा आणि क्रम तोच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या नकारानंतर पत्र लिहायला बसलं की ०.३ ला वर आणि ५५-६० ला खाली ढकलावंसं वाटतं, आणि मग निबंधाचं शीर्षकही त्यामागोमाग बदलतं.

लोहासोबत क जीवनसत्त्व देण्यावर होणाऱ्या पुढच्या एकत्रित विश्लेषणात हा अभ्यास घ्यायचा ठरला, तर ते करणारे लोक पत्र पाहणार नाहीत. ते निबंध उघडून मुख्य निकषाचा तक्ता शोधतील, त्यातून ६६ आणि ७२ उचलतील, मग ०.३ आणि त्याची मर्यादा घेतील, आणि रजिस्ट्रीतल्या नोंदीशी ताडून पाहतील की मुख्य निकष तोच आहे ना.